पश्चिमेच्या नद्या "वेगवान" म्हणून डेल्टा करत नाहीत? मग दाभोळला पाणी उलटं कसं वाहतं?

कल्याण_स्लो
नमस्कार मंडळी, मुलगी नववीत आहे आणि तिने मला पार अडकवलंय म्हणून धागा काढतोय. भूगोलात आम्ही लहानपणी जे पाठ केलं तेच ती पण पाठ करतेय, की पूर्वेकडे जाणाऱ्या गोदावरी कृष्णा त्रिभुज प्रदेश तयार करतात आणि पश्चिमेकडच्या नर्मदा तापी आणि कोकणातल्या नद्या खाड्या तयार करतात, कारण त्या तीव्र उतारावरून वेगाने वाहतात आणि गाळ साचायला वेळच मिळत नाही. आता झालं काय, दिवाळीत गुहागरला गेलो होतो, दाभोळ-धोपावे फेरीबोटीसाठी वाशिष्ठीच्या जेटीवर तासभर थांबलो, तर तेवढ्या वेळात एक नारळाची झावळी तिच्यासमोरून आधी समुद्राकडनं चिपळूणच्या दिशेला गेली, मग थांबली, मग परत समुद्राकडे निघाली. ती म्हणाली बाबा ही नदी वेगवान कुठेय, ही तर उलटी चाललीय. मी म्हटलं भरती आहे म्हणून. तर म्हणे मग पुस्तकात भरतीचं नाव का नाही?

माझ्याकडे उत्तर नाही. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. पाठ्यपुस्तकातलं वाक्य परत नका टाकू प्लीज.

पुन्हा_प्रीलिम
दादा उत्तर तेच आहे. तीव्र उतार, कठीण खडक, उपनद्या कमी. आन्सर की मध्ये पण हेच येतं. जास्त खोलात गेलं की मार्क जातात हा स्वानुभव.

सह्याद्री_वारी
पुस्तक अगदीच चूक नाहीये. सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणातल्या नद्या सात-आठशे मीटर खाली येतात ते पण पन्नास-साठ-सत्तर किमीत, त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी नदीत दगडगोटे दिसतात, मी तीस वर्षं घाटवाटा फिरतोय आणि कुठल्याही नदीच्या वरच्या टप्प्यात बारीक गाळ असा दिसत नाही, सगळं धुवून जातं. गोदावरी त्याउलट चौदाशे किमी रमतगमत जाते. तेव्हा वेग हा मुद्दा आहेच. भरतीचं म्हणाल तर भरती काय दोन्हीकडे येते, बंगालच्या उपसागरात येत नाही का?

रेतीबंदर
बावीस वर्षं हायड्रोग्राफिक सर्व्हेत काढली, म्हणजे बोटीत बसून तळाची खोली मोजत फिरणे. हजिरा, दहेज, भावनगर, आणि मग गोदावरीच्या मुखाजवळचं काकीनाडा. म्हणजे योगायोगाने दोन्ही बाजू बघितल्यात. कल्याण_स्लो, तुमच्या मुलीने प्रश्न बरोबर जागी उभं राहून विचारलाय, कारण नदी घाटात किती जोरात पडते याचा तिच्या मुखाशी काहीही संबंध नाही. वाशिष्ठी चिपळूणला आली की तिचा उतार संपला, गोवळकोटपासून पुढे दाभोळपर्यंतचा सगळा टप्पा जवळजवळ सपाट आहे, म्हणून तर भरती तिथवर आत येते. घाटात धुतलेला गाळ खाली येऊन कुठेतरी जायला पाहिजे ना. "साचायला वेळ मिळत नाही" म्हणजे काय, समुद्रात गेल्यावर तर वेळच वेळ आहे.

सह्याद्रीसाहेब, "भरती दोन्हीकडे येते" हे खरं पण किती येते ते बघा. काकीनाड्याला उधाणाच्या दिवशीसुद्धा पाणी साधारण दीड मीटर वरखाली होतं. मुंबईला साडेचार-पाच मीटर. आणि भावनगरला दहा मीटरच्या पुढे. तीन मजली इमारत दिवसातनं दोनदा बुडते आणि उघडी पडते असं समजा. अलंगला जहाजं तोडायचा धंदा तिथेच का वाढला? उधाणाच्या भरतीला जहाज फुल स्पीडने किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटीला ते कोरड्यात उभं, क्रेन-गोदीचा खर्चच नाही.

आता नर्मदेचं मुख या असल्या जागेत आहे. खंभातच्या आखातात ओढ पाच-सहा नॉटच्या घरात जाते, अँकर टाकलेली बोट चालू असल्यासारखी लाट कापते. आम्ही सकाळी मोजलेली चर पंधरवड्यानं बघावी तर सरकलेली. असल्या ठिकाणी नदीने आणून टाकलेली रेती टाकल्या जागी राहील का? ती उचलली जाते, आत-बाहेर ओढली जाते आणि प्रवाहाच्या दिशेने लांबच लांब दांडे होतात. आखाताच्या तोंडाशी मलाक्का बँक्स म्हणून चार्टवर असे दांडे आहेत, किनाऱ्याला समांतर नाहीत, भरतीच्या येण्याजाण्याच्या रेषेत आहेत. नर्मदा-तापी-महीचा गाळ आहे तो, फक्त पंख्यासारखा पसरलेला नाही इतकंच.

कल्याण_स्लो
म्हणजे गाळ आहे पण त्याला बसू देत नाहीत. हे तिला लगेच कळेल, आमच्या घरात पण तसंच आहे.

पण मग एक विचारतो, भावनगरला दहा मीटर आणि काकीनाड्याला दीड, चंद्र तर एकच आहे.

रेतीबंदर
चंद्र एकच, भांडं वेगळं. पश्चिमेला मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ तीनशेएक किमी लांब पसरलाय, पूर्वेला गोदावरीसमोर तो त्याच्या मानाने फारच अरुंद आहे आणि लगेच खोल होतो. भरतीची लाट रुंद उथळ तळावर चढताना फुगते. त्यात खंभातचं आखात म्हणजे नरसाळं, तोंड रुंद आणि आत निमुळतं, तेवढंच पाणी कमी जागेत घुसलं की वर चढणारच.

आणि अजून एक गोष्ट जी बोटीवर राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आत नदीत गेलात की भरती आणि ओहोटी सारख्या वेळाच्या राहत नाहीत. भरती चार-साडेचार तासांत धावत येते आणि ओहोटी सात-आठ तास रेंगाळत जाते. पाणी तेवढंच, वेळ कमी, म्हणजे भरतीचा वेग जास्त. आणि गाळ उचलायची ताकद वेगाबरोबर सरळ नाही वाढत, वेग थोडा वाढला तरी उचल खूप वाढते. त्यामुळे दर फेरीत भरती आत जितकं आणते तितकं ओहोटीला परत नेता येत नाही. खाडीत समुद्राकडनं गाळ आत येतो हे लोकांना खरंच वाटत नाही. आठ महिने हेच चालतं, मग पावसाळ्यात पूर येतो आणि साठलेल्यातला बराचसा माल बाहेर ढकलतो.

सह्याद्री_वारी
बरं मान्य, उताराचा मुद्दा मुखाशी लागू नाही. पण मग गंगा? सुंदरबनात भरती चांगली चार-पाच मीटर असते असं वाचलंय आणि जगातला सगळ्यात मोठा डेल्टा तिथेच आहे. तुमच्या थिअरीने तिथे खाडी व्हायला हवी होती.

रेतीबंदर
चांगला आडवा घातलात. तिथे हिशोब गाळाच्या बाजूने फिरतो. गंगा-ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला शंभर कोटी टनांच्या आसपास गाळ आणतात, हिमालय अजून उठतोय आणि झिजतोय. भरती तिथेही ओढून नेतेच, सुंदरबनचा नकाशा बघा, सगळा हातापायाच्या बोटांसारख्या खाड्यांनी चिरलेला आहे, ते भरतीचंच काम. पण रोज जितकं नेते त्यापेक्षा जास्त येऊन पडतं. म्हणून नुसती भरती मोजून भागत नाही. नदी किती आणते, समुद्र किती नेतो आणि भरायला खड्डा केवढा आहे, तिन्ही एकमेकांसमोर ठेवायला लागतात.

पुन्हा_प्रीलिम
खड्डा कुठला आता? हे सिलॅबसमध्ये नाही.

मृण्मयी_का
मी मातीवाली आहे (कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र, आता निवृत्त), समुद्रातलं रेतीबंदर यांना जास्त कळतं, पण खड्ड्याबद्दल मी सांगते कारण तो मुद्दा सगळ्यात सुंदर आहे आणि शाळेत कोणीच सांगत नाही.

वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होता. थंडीचा काळ, पाणी सगळं बर्फात अडकलेलं. तेव्हा दाभोळला किनाराच नव्हता, वाशिष्ठी तिथून पुढे आज जिथे समुद्र आहे त्या जमिनीवरून बरंच लांब पश्चिमेला वाहत जायची, आणि समुद्राची पातळी खाली असल्यामुळे तिने आपली दरी खोल कापून ठेवली. मग बर्फ वितळला, पाणी चढत आलं, आणि साधारण सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ येऊन जवळजवळ थांबलं. म्हणजे जगातल्या जवळपास प्रत्येक नदीचं मुख त्या वेळी बुडालेली दरीच होती. गोदावरीला सुद्धा तेव्हा खाडीच होती. स्टॅनली आणि वॉर्न यांनी 1994 साली जगभरच्या डेल्टांची वयं एकत्र मांडली तर बहुतेक सगळे साडेआठ ते साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान सुरू झालेले निघाले, ते याचमुळे. समुद्र चढत होता तोवर कोणालाच पुढे सरकता येत नव्हतं, तो थांबल्यावर सगळ्यांची भरणी सुरू झाली.

गोदावरीने आपला खड्डा भरून काढला आणि मग ती समुद्रात पुढे सरकली. वाशिष्ठीचा खड्डा अजून भरतोय. गोदावरीचं पाणलोट क्षेत्र तीन लाख चौरस किमीच्या वर, वाशिष्ठीचं दोन-अडीच हजार. तुम्ही घागरीने हौद भरताय आणि शेजारी कोणी वाटीने. त्यात वाटीवाल्याच्या हौदातलं कोणीतरी रोज दोनदा ढवळतंय.

सह्याद्री_वारी
हे आवडलं. म्हणजे कोकणातली खाडी ही बुडलेली घळ आहे. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग सगळ्या ठिकाणी दोन्ही बाजूंना उंच डोंगर आणि मधे पाणी, हे कायम बघत आलो पण असं डोक्यात आलं नव्हतं.

निफाडची_द्राक्षं
धागा वाचतोय, मजा येतेय. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, आमच्याकडे नांदूर मधमेश्वरला गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, त्याच्या मागे एवढा गाळ साचलाय की बेटं झालीत, गवत वाढलंय, पक्षी येतात म्हणून महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं ते. आमचे मास्तर त्याला "गोदावरीचा त्रिभुज प्रदेश" म्हणायचे आणि आम्ही परीक्षेत तसं लिहून मार खाल्लाय. तर माझं म्हणणं की गोदावरीचा डेल्टा निफाडला पण आहे का?

पुन्हा_प्रीलिम
😂😂 गोदावरीचा डेल्टा आंध्रात आहे भाऊ, राजमहेंद्रीच्या खाली.

रेतीबंदर
हसू नका, मास्तर बरोबर होते. म्हणजे परीक्षेच्या दृष्टीने नाही पण गोष्ट तीच आहे. वाहतं पाणी साठलेल्या पाण्यात शिरलं की पसरतं, वेग मोडतो, हातातलं ओझं टाकतं. आधी जाडी रेती, मग बारीक, सगळ्यात बारीक चिकणमाती पुढे भिंतीपाशी. कुठल्याही धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या टोकाला, उन्हाळ्यात पाणी उतरलं की हे दिसतं, नदी आपल्याच गाळातनं दोन-तीन फाट्यांनी वाट काढत जाते. नर्मदेवर धरण बांधलं की तिच्याही फुगवट्यात हेच होणार. म्हणजे जी नदी समुद्राला डेल्टा "करत नाही" तीच धरणात करते. कठीण खडक, तीव्र उतार वगैरे सगळं तेच, फक्त भरती काढून घेतली.

निफाडकर, तुमच्यामुळे मला पहिल्यांदाच हे सोप्या शब्दांत सांगता आलं.

निफाडची_द्राक्षं
मास्तर आता नाहीत नाहीतर दाखवलं असतं.

वशिष्ठीकाठ
इथे सगळे वाशिष्ठीवर बोलताय तर चिपळूणवाल्याचं पण ऐका. 2021 च्या जुलैत आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं, भरतीची वेळ होती म्हणून पाणी उतरेना असं सगळे म्हणत होते. नंतर नदीतला गाळ काढला, ट्रकच्या ट्रक. आता तुम्ही म्हणताय समुद्रच गाळ आत आणतो, मग काढून उपयोग काय, परत येणारच ना? आणि आजोबा सांगायचे गोवळकोटला गलबतं लागायची, आता साधी होडी ओहोटीला टेकते. हे सगळं धरणामुळे की रेतीवाल्यांमुळे की अजून कशामुळे?

रेतीबंदर
तुमच्या पुराचं खात्रीने सांगायला मी तिथे मोजमाप केलेलं नाही, त्यामुळे कारणं वाटत नाही बसणार. एवढं सांगतो की गाळ कुठला आहे ते आधी बघायला पाहिजे. काढलेला ढीग हातात घेऊन बघा. गोटे आणि जाडी भरड रेती असेल तर तो वरून, डोंगरातनं आलेला, तो पुरात येतो आणि जिथे उतार संपतो तिथेच, म्हणजे चिपळूणच्या आसपास, टाकला जातो. तो काढला तर पुढच्या मोठ्या पुरापर्यंत तरी जागा मोकळी राहते. पण काळा-राखाडी, साबणासारखा बुळबुळीत चिखल असेल, वाळल्यावर त्यात बारीक शिंपल्याचे तुकडे दिसत असतील, तर तो खालनं भरतीबरोबर आलेला, आणि तो खड्डा केलात की उलट जास्त जोमाने भरतो, कारण खोल जागी पाणी संथ होतं. बंदरांच्या चॅनेलमध्ये हेच रडगाणं असतं, जितकं खोल कराल तितकं दरवर्षी उपसा.

गलबतांचं म्हणाल तर खाडी भरत जाणं हे तिचं नशीबच आहे, मृण्मयीताईंच्या हौदासारखं. वरची जंगलतोड ते लवकर करते. रेती उपसा मात्र उलट दिशेने काम करतो, तळ खोल करतो, भरती अजून आत शिरते, काठ ढासळतात आणि काठची माती खाडीत येते. हातपाटीने काढायचे तोवर फरक पडत नव्हता, सक्शन पंप आल्यावर पडतो.

वशिष्ठीकाठ
आमच्या काढलेल्या ढिगात दोन्ही होतं. वर गोटे खाली चिखल.

रेतीबंदर
मग दोन्हीकडनं. तुमची जागा बरोबर सीमेवर आहे.

मृण्मयी_का
चिखलाबद्दल एक गंमत. रेती आपल्या वजनाने बसते पण चिकणमातीचा कण इतका बारीक की गोड्या पाण्यात तो दिवसच्या दिवस तरंगत राहतो. कण सगळे ऋण भाराचे, एकमेकांना ढकलतात. खाऱ्या पाण्यात मीठ हा ढकलाढकलीचा जोर मोडतं, कण चिकटतात, पुंजके होतात आणि पटकन खाली बसतात. खाडीत जिथे गोडं आणि खारं पाणी भेटतं तिथे म्हणून पाणी सगळ्यात गढूळ असतं आणि तिथेच चिखलाचे बांध पडतात. कल्याण_स्लो, मुलीला घरी करून दाखवा. काळी माती पाण्यात घोळवायची, जाड माती बसू द्यायची, वरचं गढूळ पाणी दोन काचेच्या ग्लासांत घ्यायचं, एकात चमचाभर मीठ.

कल्याण_स्लो
केलं ताई. फेल गेलं. दोन्ही ग्लास साधारण एकाच वेळी निवळले. मुलगी म्हणते फोरमवाले फेकतात.

मृण्मयी_का
पाणी कुठलं घेतलं?

कल्याण_स्लो
बोअरचं. सोसायटीत तेच येतं वापरायला.

मृण्मयी_का
तिथेच घोळ झाला. बोअरच्या जड पाण्यात चुना भरपूर असतो, कॅल्शियम हे काम मिठापेक्षा कितीतरी जोरात करतं, तुमचा "गोडा" ग्लास आधीच खाडी होता. फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी घ्या.

कल्याण_स्लो
आरओचं घेतलं यावेळी, माती मेव्हण्याने जालन्याहून आणलेली. मिठाचा ग्लास अर्ध्या-पाऊण तासात वरून नितळ, तळाला मऊ थर, हलवला की ढगासारखा उठतो. बिनमिठाचा दुसऱ्या दिवशी सकाळीपण चहासारखा. फोरमवाल्यांना माफी आहे.

मांडवीतीर
गोव्याहून. आमच्याकडे मांडवीच्या तोंडाशी आग्वादपाशी पावसाळ्यात रेतीचा बांध येतो, त्या काळात खनिजाच्या बार्जी मांडवीतून बाहेर काढत नसत, कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत नेऊन मुरगावला जायच्या. पण हा बांध नदीने आणलेला का समुद्राने यावर आमच्या घरात वाद आहे. बाबा म्हणतात नदीचा, मी म्हणतो लाटांचा.

रेतीबंदर
पावसाळ्यात येतो आणि नंतर मोडतो म्हणजे लाटांचा हात मोठा. नैऋत्येच्या लाटा किनाऱ्याकडची रेती ढकलून तोंडाशी आणतात आणि त्याच वेळी नदीचं पाणी बाहेर येत असतं, दोघं समोरासमोर अडतात तिथे रेती पडते. पण मूळ रेती किती नदीची किती जुन्या किनाऱ्याची हे दाणे तपासल्याशिवाय सांगू नये. बाबांना निम्मं द्या.

यावरून काकीनाड्याचं सांगायचं राहिलं. गोदावरी डेल्टा करते पण तिलाही मोकळं सोडलेलं नाही, तिथे भरती कमी म्हणून लाटा मालक आहेत. गौतमी फाटा रेती टाकतो आणि लाटा ती उत्तरेकडे घासत नेतात, त्यातून सोळा-सतरा किमी लांबीचा वाळूचा दांडा झालाय, होप आयलंड म्हणतात, त्याच्या आडोशाला काकीनाड्याचं बंदर आणि कोरिंगाची खारफुटी. म्हणजे तिथे गाळ वाहून जातो पण किनाऱ्याला लागूनच राहतो, नर्मदेसारखा आत-बाहेर ढवळला जात नाही. गोदावरीच्या डेल्टाच्या आत गावागावांतून अशा जुन्या वाळूच्या उंच रांगा दिसतात, त्या प्रत्येकीवर कधीतरी किनारा होता. गावं, नारळ सगळं त्या उंचवट्यांवर, भातं मधल्या सखल पट्ट्यात.

सह्याद्री_वारी
रेतीबंदर, एक हिशोब जमत नाहीये. गोदावरी वर्षाला किती गाळ आणायची म्हणता?

रेतीबंदर
1970 च्या दशकातली मोजणी साधारण 15 कोटी टन. 1990 च्या दशकात 6 कोटींच्या खाली आली, धरणांमुळे.

सह्याद्री_वारी
हं. 15 कोटी टन, ओल्या साचलेल्या मातीचं घनमीटरला दीड टन धरलं तर 10 कोटी घनमीटर. दहा मीटर खोल समुद्र भरायचा तर वर्षाला दहा चौरस किमी नवीन जमीन. सहा हजार वर्षांत साठ हजार चौरस किमी. आणि डेल्टा आहे पाच हजारच्या आसपास. बाकीचा बारा हिस्स्यांतला अकरा हिस्से गाळ कुठे गेला?

रेतीबंदर
वा. तुम्ही सर्व्हेत यायला पाहिजे होतं. एक, दहा मीटर धरलंत ते कमी, जुनी दरी भरलेली आहे तिथे जाडी याच्या कितीतरी पट आहे. दोन, पुढे तळ लवकर खोल होतो म्हणून जसजसं पुढे सरकाल तसतसा एकेक किमी महाग पडतो. तीन, चिकणमातीचा मोठा भाग किनाऱ्याला थांबतच नाही, उथळ तळावरून घसरून खोल समुद्रात जातो.

मृण्मयी_का
आणि चार. दरवर्षी 15 कोटी हे सहा हजार वर्षं तसंच होतं हे कशावरून? 2017 साली गोदावरीच्या समोरच्या समुद्रतळात नळी घालून काढलेल्या गाळाच्या एका गाभ्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात दिसलं की गेल्या तीन-चार हजार वर्षांत दख्खनच्या बेसॉल्टवरून आलेल्या मातीचं प्रमाण वाढत गेलं, म्हणजे पाऊस कमी होत गेला, जंगल-गवत विरळ झालं, आणि त्याच सुमाराला आपल्याकडे शेती पसरली. थोडक्यात गोदावरीच्या गाळात आपल्या मराठवाड्या-नगर-नाशिकच्या शेतांचा वाटा नंतर वाढलाय. कल्याण_स्लो यांनी जालन्याची माती ग्लासात घोळवली ना, तीच तिकडे जाऊन बसलीय.

सह्याद्री_वारी
म्हणजे आंध्रवाल्यांनी आपल्याला भाडं द्यायला पाहिजे.

निफाडची_द्राक्षं
आता कुठे जाते, जायकवाडीत अडकते. भाडं पैठणला.

रेतीबंदर
विनोद बाजूला, पण तेच तर झालंय. येणारा गाळ निम्म्याहून खाली आल्यावर लाटांचं नेणं काही कमी झालेलं नाही. काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा म्हणून मच्छीमारांचं गाव आहे, तिथे किनाऱ्याचा रस्ता किती वेळा वाहून गेला आणि किती वेळा दगड टाकले याची गणती नाही. तिथे बंदराच्या बांधकामाचा आणि त्या दांड्याने लाटा वळवण्याचाही हात आहे, सगळं धरणांवर नाही टाकता येणार. पण डेल्टा एकदा झाला की झाला असं नसतं, माती दबून खाली बसतच असते, वरून भर लागते.

पुन्हा_प्रीलिम
एक सिरियस प्रश्न. मग परीक्षेत काय लिहू?

मृण्मयी_का
ऑप्शनमध्ये जे असेल ते. मेन्सला जागा मिळाली तर भरतीची उंची, गाळाचा पुरवठा आणि बुडालेली दरी लिहा, तपासणारा जागा झाला तर झाला.

वशिष्ठीकाठ
नर्मदेचं एक विचारायचं होतं. नात्यातले लोक भरूचला आहेत, ते सांगतात सरदार सरोवर झाल्यापासून नदीला उन्हाळ्यात पाणीच नसतं, खारं पाणी वर आलं, पाल्ला मासा कमी झाला, आणि आता भाडभूतला नदीच्या तोंडावर बॅरेज बांधतायत म्हणजे गोडं पाणी साठेल. याने खाडी गाळाने भरेल का डेल्टा होईल? काय होईल?

रेतीबंदर
गोडं पाणी अडलं की खारं वर येणार, त्यात वाद नाही. बॅरेजचं दोन शक्यता सांगतो. भरती अडली म्हणजे आत शिरणारं-बाहेर पडणारं पाणी कमी झालं, तेच पाणी तर चॅनेल घासून खोल ठेवत होतं. मग बॅरेजच्या समुद्राकडच्या बाजूला चिखल चढायला पाहिजे, वरून पुराचा धक्का पण धरणांनी कमी केलाय. दुसरीकडे नर्मदेचा स्वतःचा गाळ आता वरच अडकतो, म्हणजे जो साचेल तो आखातातला जुनाच माल इकडचा तिकडे. त्याला डेल्टा म्हणायचं की नाही मला माहीत नाही, मी तरी म्हणणार नाही.

मृण्मयी_का
मी म्हणेन. माती कोणाची का असेना, बसली की जमीन.

रेतीबंदर
ताई, नदीने बांधली नाही तर डेल्टा कसला. उद्या मुंबईची भरणी पण डेल्टा म्हणाल.

सह्याद्री_वारी
मला ताईंचं पटतंय. सुंदरबनचा पश्चिमेकडचा भाग पण आता मुख्य नदीपासून तुटलाय, भरतीच गाळ आणून टाकते, तरी आपण डेल्टाच म्हणतो ना.

रेतीबंदर
हे मात्र अडचणीचं बोललात. विचार करतो.

कल्याण_स्लो
मुलीला धागा वाचून दाखवला. तिची प्रतिक्रिया: "मग वीस हजार वर्षांपूर्वी दाभोळच्या पुढे जी वाशिष्ठी वाहत होती तिची दरी समुद्राखाली अजून आहे का?" रेतीबंदर, तुमच्याकडे काही?

रेतीबंदर
किनाऱ्याच्या पुढे अशा जुन्या दऱ्या चिखलाखाली पुरलेल्या असतात, साउंडरचा आवाज थर भेदून खाली गेला की रेकॉर्डवर इंग्रजी व्ही किंवा यू सारखा आकार दिसतो. पश्चिम किनाऱ्यावर असे पुष्कळ दिसतात. वाशिष्ठीचीच अमुक एक हे बोट दाखवून मी सांगू शकत नाही, दाभोळसमोर मी कधी लाइन मारलेली नाही. तिला सांगा जागा मोकळी आहे.